तोंडावरची पट्टी

मी तोंड उघडं टाकून झोपते, ही बातमी आमच्या घरात सगळ्यात शेवटी मला कळली. सतरा वर्षं संसार केल्यावर एक दिवस नवरा सकाळी चहा पिताना म्हणाला, "तू झोपेत मासोळीसारखी आ करून पडतेस. आणि घोरतेस. मी कानात बोळे घालून झोपतो, हे तरी माहीत आहे का तुला?" मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ते पिवळे बोळे तो रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी घालतो.

मला एवढंच माहीत होतं की रोज सकाळी माझी जीभ टाळूला चिकटलेली असते, ओठ फुटलेले असतात आणि घशात वाळू भरल्यासारखं होतं. इतरांनी हे कोमट पाणी पिऊन सोडून दिलं असतं. माझं पोट मात्र घशावर चालतं. मी बसस्टँडवर घोषणा करते. पहाटे पाच ते दुपारी एक, काचेच्या एका केबिनमध्ये, माइकसमोर. "फलाट क्रमांक चारवर लागलेली सहा दहाची जलद गाडी..." हे मी दिवसातून इतक्या वेळा म्हणते की माझं मलाच ऐकू येत नाही. पण गेला महिनाभर सकाळच्या पहिल्या तासात आवाज फाटत होता. एकदा तर 'जलद' म्हणता म्हणता आवाज मधेच गेला आणि अर्धे प्रवासी चुकीच्या गाडीत चढले. कंट्रोलर साहेबांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, पण गोल गोल बोलत नाही. म्हणाले, "ताई, महिनाअखेरपर्यंत घसा सुधारला नाही तर तुम्हाला पार्सल खोलीत घ्यावं लागेल." पार्सल खोली म्हणजे तळघर, एक दिवा आणि खिडकी नाही.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आणि तिथेच चुकलं.

माझा नवरा औषधाच्या दुकानात काउंटरवर आहे, वीस वर्षं. गल्लीतले लोक त्याला अर्धा डॉक्टर म्हणतात. उरलेला अर्धा तो घरी येऊन होतो. कुणाला डॉक्टरकडे जायचं असेल तर त्याला तो स्वतःचा अपमान वाटतो. "नाक बंद असतं म्हणून तोंड उघडतं. नाक उघडू, तोंड मिटेल. यात कसला डॉक्टर?" तो म्हणाला. ऐकायला बरोबरच वाटत होतं. माझं नाक रात्री खरंच बंद व्हायचं, विशेषतः डावीकडून. आडवी झाले की कुणीतरी आतून बूच मारल्यासारखं.

पहिल्या दिवशी त्याने नाकावर लावायच्या पट्ट्या आणल्या. मी एक घेऊन चष्मा बसतो तिथे चिकटवली. तो हसला. "अगं, तिथे हाड आहे. हाड काय उघडणार? खाली, नाकपुड्यांच्या जरा वर, मऊ भागावर. आणि आधी तोंड धू, तेलकट नाकावर ती टिकायची नाही." त्याने स्वतः लावून दिली. पट्टीत दोन बारीक पाती असतात, ती सरळ व्हायला बघतात आणि नाकाच्या बाजू बाहेर ओढतात. श्वास घेतला तर थोडी जास्त हवा आली, हे खरं. उजवीकडे. डावीकडे आत जे सुजलं होतं ते बाहेरच्या पट्टीला काय दाद देणार? सकाळी जीभ पुन्हा टाळूला.

मग मिठाच्या पाण्याची बाटली आली. ते मात्र मला आवडलं, मी खोटं कशाला बोलू. पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं थेट कधीच नाही, यावर तो दुकानात लोकांना दमात घेतो आणि घरातही तसाच. कोमट पाण्यात मिठाची पुडी टाकायची, बेसिनवर वाकायचं, मान तिरकी करायची, तोंडाने श्वास घेत राहायचं आणि बाटली हळू दाबायची. एका नाकपुडीतून आत, दुसरीतून बाहेर. पहिल्यांदा मी हसले आणि सगळं घशात गेलं. पण नंतर जमलं. धुतल्यावर तासभर डोकं हलकं वाटायचं. फक्त मी ते अगदी झोपताना करायचे, आणि आडवी झाले की उरलेलं पाणी घशामागे ओघळून खोकला यायचा. नवरा कूस बदलून उसासा टाकायचा. आमच्या दोन उशांच्या मधल्या वीतभर जागेत माझ्या खोकल्यालाही जागा नव्हती.

"तू थांब, मी रामबाण देतो," असं म्हणून चौथ्या दिवशी त्याने थेंब आणले. नाक मोकळं करणारे. दोन दोन थेंब टाकले आणि पाच मिनिटांत दोन्ही नाकपुड्या अशा उघडल्या की मला रडू आलं. खरंच आलं. कित्येक वर्षांनी मी आडवी पडून तोंड मिटून श्वास घेतला. मी नवऱ्याचा हात धरला आणि म्हटलं, "अहो, तुम्ही जादूगार आहात." तो इतका खूश झाला की त्या रात्री त्याने बोळे घालायच्या आधी मला दोनदा विचारलं, "उघडं आहे ना?"

त्या थेंबांबद्दल त्याचं एक वाक्य आहे. दुकानात जो कुणी ती बाटली घेईल त्याला तो म्हणतो, "तीन दिवस, फार तर पाच, त्यावर नाही." मी दुकानात त्याची वाट बघत उभी असताना ते शंभरदा ऐकलंय. माझ्या फलाट क्रमांकासारखं ते त्याच्या तोंडात बसलंय. आणि मला जसं माझं ऐकू येत नाही, तसं त्यालाही त्याचं येत नसणार. कारण पाच दिवस झाले, आठ झाले, बारा झाले, आणि रोज रात्री दहा वाजता तो मला हाक मारायचा, "चल, थेंब." मीही मान वर करायचे. कोण नको म्हणेल? फक्त आताशा ते पूर्वीसारखे रात्रभर पुरत नव्हते. पहाटे तीनच्या सुमाराला नाक पुन्हा बंद, आणि पूर्वीपेक्षा घट्ट. दिवसासुद्धा केबिनमध्ये माझं नाक वाजायला लागलं. मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "हवा बदलली आहे."

आणि तोंड? तोंड अजूनही उघडंच पडत होतं. नाक बंद झालं की उघडणारच. पण हे मला आत्ता कळतंय. तेव्हा नवऱ्याने ठरवलं होतं की ही सवय आहे, आणि सवय मोडायची असते.

त्याच्या दुकानात लोक मोबाइलवर बघून तोंडाला लावायची पट्टी मागायला लागले होते. झोपताना ओठांवर चिकटवायची, म्हणजे माणूस नाकानेच श्वास घेतो, चेहरा सुरेख होतो, झोप गाढ लागते, असं काय काय. मालकाने एक खोकाभर मागवल्या. नवऱ्याने एक घरी आणली. छोटीशी, ओठांपुरती. ती मी झोपेतच जिभेने ढकलून काढायचे. सकाळी उशीवर सापडायची. तीन रात्री असं झाल्यावर तो चिडला.

"महिनाअखेर चार दिवसांवर आलीय. तुला पार्सल खोलीत जायचंय का?"

"नाही."

"मग नीट लावू दे."

त्या रात्री त्याने जखमेच्या पट्टीवर लावतात ती चिकटपट्टी आणली. पांढरी, रेशमासारखी, घाम आला तरी सुटत नाही. एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत एक, तिच्याखाली हनुवटीवरून दुसरी. हात साफ आहे त्याचा, एक सुरकुती पडली नाही. त्याआधी सर्दीची एक गोळीही दिली होती, झोप येणारी, "म्हणजे हात जाणार नाही तोंडाकडे." मी आरशात बघितलं. नाकावर एक पट्टी, तोंडावर दोन. मला हसू येत होतं पण हसता येत नव्हतं. मी हाताने खूण केली, पाणी प्यायला? तो म्हणाला, "सकाळी."

मला ते आवडलं नव्हतं, हे मला आता ठणकावून सांगायचंय. तेव्हा सांगायला तोंड नव्हतं.

झोप गाढ लागली. मग स्वप्न पडलं की मी केबिनमध्ये आहे, काच वरपर्यंत बंद आहे, बाहेर गाड्या लागल्या आहेत आणि माइक चालू होत नाही. मी जोर लावला आणि जागी झाले. म्हणजे डोळे उघडले. अंग जागं व्हायला तयार नव्हतं, गोळीने ते गादीत पुरून ठेवलं होतं. मी श्वास घ्यायला गेले आणि काहीच आलं नाही. नाकाच्या बाजू आत चिकटल्या. पुन्हा ओढलं. शिटीसारखा बारीक आवाज आला, हवा नाही. तोंड उघडायला गेले, ते उघडलं नाही. ओठ पट्टीला आतून ढकलत होते आणि पट्टी गालांना धरून बसली होती.

एक सेकंद मला काय झालंय तेच कळेना. मग कळलं, आणि ते कळणं जास्त वाईट होतं. छातीत ढोल वाजायला लागला. मी हात वर आणला, तो पांघरुणात अडकला. दुसरा आणला. गालावर पट्टीचं टोक शोधू लागले, पण टोक कुठलं? इतकी सपाट बसवलेली. नखं मी आदल्याच दिवशी कापली होती. ओरडायचं म्हटलं तर घशातून फक्त हुं हुं निघत होतं, आणि त्याने आत होती ती हवाही गेली. मी नवऱ्याच्या पाठीवर बुक्की मारली. दोनदा, तीनदा. पाठ हलली, तो आणखी भिंतीकडे वळला. कानात बोळे. मला तेव्हा जे वाटलं ते सांगते, मला वाटलं, मी इथे याच्या शेजारी मरणार आणि याला सकाळी चहा कुणी केला नाही म्हणून कळणार.

मग मी टोक शोधायचं सोडलं. हनुवटीखाली बोटं घातली आणि पट्टी चामडीसकट वर ओढली. वरच्या ओठाची साल तिच्याबरोबर गेली. दुखलं नाही, म्हणजे तेव्हा नाही. तोंड उघडलं आणि हवा आत आली, तिचा आवाज इतका मोठा झाला की मीच दचकले. मी स्वयंपाकघरात फरशीवर जाऊन बसले, दार उघडं टाकून, आणि नुसता श्वास घेत राहिले. घड्याळात तीन वीस झाले होते.

चार वाजता तो उठला, मला तिथे पाहिलं, आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "काढलीस पट्टी?"

मी उठले. तोंड धुतलं, ओठाला पाणी लागताच डोळ्यांसमोर काजवे चमकले, आणि ड्यूटीवर गेले. आवाज लागला होता, बऱ्यापैकी. फक्त 'फ' आणि 'प' म्हणताना ओठ ओठाला लागायचा आणि झोंबायचं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्या घोषणेत फलाट किती वेळा येतो. अकराच्या सुमाराला मी कंट्रोलर साहेबांना म्हटलं, मला आज नाकाच्या डॉक्टरकडे जायचंय. ते माझ्या ओठाकडे बघून म्हणाले, "ताई, आधी जा." मी नवऱ्याला फोन केला आणि पहिल्यांदा विचारलं नाही, सांगितलं. तो आला. तोंड पाडून, पण आला.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी नाकात दिवा घालून बघितलं आणि विचारलं, "थेंब टाकता का?"

"हो. सोळा दिवस," मी म्हटलं.

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली, कारण आता त्याला त्याचं वाक्य ऐकू आलं होतं.

"थेंबांचा असर उतरला की आतलं अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं," त्या मला म्हणाल्या. "मग पुन्हा थेंब, मग पुन्हा सूज. डावीकडे तुमच्या नाकाचा पडदाही वाकडा आहे, म्हणजे जागा आधीच कमी. थेंब आजपासून बंद करायचे, मी दुसरा स्प्रे देते. आठ-दहा दिवस नाक खूप त्रास देईल, घाबरू नका. मिठाचं पाणी चालू ठेवा, पण झोपायच्या तासभर आधी. उशी उंच घ्या. नाकावरची पट्टी लावायची तर लावा, ती निरुपद्रवी आहे. आणि ओठाला काय झालं?"

मी सांगितलं. त्या लिहायच्या थांबल्या.

"तोंड उघडत होतं कारण नाक पुरत नव्हतं," त्या म्हणाल्या. "शरीर स्वतःची सोय करत होतं, आणि तुम्ही तीच बंद केलीत. वर झोपेची गोळी. रात्री उलटी झाली असती तर ती कुठे गेली असती?"

नवरा मधेच बोलला. त्याला कुठेतरी आपलं बरोबर होतं हे दाखवायचंच होतं. "पण मॅडम, घोरणं कमी झालं होतं. मी शेवटच्या तीन रात्री मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. ऐका तुम्ही, किती शांत आहे." मला हे रेकॉर्डिंग माहीतच नव्हतं. त्याने फोन टेबलावर ठेवला.

आधी परवाची रात्र. ती छोटी पट्टी निघून गेल्यावरची. माझं घोरणं खोलीभर पसरलं आणि मला लाज वाटली. मग ते थांबलं. "हे बघा," नवरा म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघू लागल्या. खोलीत काहीच आवाज नव्हता. इतका वेळ नव्हता की माझाही श्वास अडकला. मग फोनमधून एक घरघर आली, आचका दिल्यासारखी, आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

"अठरा सेकंद," त्या म्हणाल्या. "ही शांतता नाही. यात श्वास थांबलाय." पुढे दोन मिनिटांत आणखी दोनदा तेच झालं. "नुसत्या आवाजावरून मी पक्कं सांगणार नाही, झोपेची तपासणी करावी लागेल. पण ज्याला असं होत असेल त्याच्या तोंडाला पट्टी लावणं म्हणजे फारच धोक्याचं. दिवसा पेंग येते का? सकाळी डोकं दुखतं?"

"येते. दुखतं," मी म्हटलं. मला वाटायचं, ते पहाटेच्या ड्यूटीमुळे.

"कालची रात्र ऐकवा."

नवऱ्याचा चेहरा उतरला होता. "मॅडम, काल मी गाढ झोपलो होतो. कानात बोळे होते. मला खरंच काही कळलं नाही, नाहीतर..." बोलता बोलता त्याने बोट सरकवत तीन वाजेपर्यंत आणलं. त्यालाही माहीत नव्हतं त्यात काय आहे. ते मी आजही मानते.

आधी ती बारीक शिटी. मग हुं हुं. ते ऐकताना मी खुर्चीचा हात घट्ट धरला, कारण ते माझं होतं असं वाटेना, कुठल्या तरी बांधून घातलेल्या जनावराचं वाटत होतं. मग बुक्क्या. एक. दोन. तीन. आणि मग, फोनच्या अगदी जवळून, झोपेने जड झालेला पण स्पष्ट, माझ्या नवऱ्याचा आवाज.

"काढू नकोस हं. झोप गप."

पुढे पांघरुणाची सळसळ झाली आणि तो भिंतीकडे वळला. त्यानंतर पट्टी फाटली. मी मनातल्या मनात मोजत होते, मधे बारा सेकंद गेले.

डॉक्टरीणबाईंनी फोन बंद केला. नवरा पांढराफटक पडला होता. "मला आठवत नाही," तो म्हणाला. "देवाशप्पथ, मला आठवत नाही." ते खरं असेल. झोपेत माणूस काहीही बोलतो. पण झोपेतही त्याला एवढं कळलं होतं, की मी उठले आहे आणि तोंडावरची पट्टी काढायचा प्रयत्न करते आहे.

मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. मला फक्त तेव्हा, भर दुपारी, उघड्या खिडकीशेजारी, पुन्हा श्वास पुरेना.

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद पुढे ओढला. "तारीख मिळायला दहा दिवस लागतील. तोवर गोळी नाही, थेंब नाही, पट्टी तर नाहीच. कुशीवर झोपायचं. आणि एकटीने झोपू नका. रात्री जवळ कोण असेल? नाव आणि नंबर हवाय."

"मी आहे ना," नवरा म्हणाला, आणि पेनासाठी हात पुढे केला.

मी तोंड उघडलं. ओठ फाटला, रक्त आलं, पण आवाज अजिबात फाटला नाही.

"माझ्या बहिणीचा नंबर लिहा," मी म्हटलं. "मी दहा दिवस तिच्याकडे झोपणार आहे."